ऑफिसचा इंग्रजाळलेला मेसेज बोलत्या मराठीत कसा आणायचा

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला आहे. हजेरी, शिफ्ट, रजा, ओव्हरटाइम हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. एचआरकडून मेसेज येतो आणि तो शॉपच्या, म्हणजे कारखान्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या आधी मराठीत करून द्यायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडेच आहे. सुरुवातीला हे कसं करायचं ते सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मी इंग्रजी शब्द दिसला की त्याचा मराठी प्रतिशब्द शोधायचो आणि तिथेच चुकायचो. ज्यांच्यावर आता हे काम नव्याने पडलंय, मग ते एचआरमधले असोत, सोसायटीचे सेक्रेटरी असोत नाहीतर दुकानातल्या स्टाफचा ग्रुप सांभाळणारे असोत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एकच मेसेज घेऊन शेवटपर्यंत जाऊया. माझ्याकडे आलेला मेसेज साधारण असा होता:

> सर्व एम्प्लॉईजना इन्फॉर्म करण्यात येते की बायोमेट्रिक सिस्टिमचं अपग्रेडेशन शेड्यूल केलेलं असल्यामुळे सॅटर्डेला अटेंडन्स मॅन्युअली मार्क करावी लागेल. काइंडली एन्शुअर करा की कन्सर्न्ड सुपरवायझरकडून इन-टाइम आणि आउट-टाइम व्हेरिफाय करून घेतला आहे. नॉन-कम्प्लायन्सच्या केसमध्ये सॅलरी डिडक्शन इनिशिएट केलं जाईल. एनी क्वेरीज असल्यास एचआरशी कनेक्ट करा.

असाच एक मेसेज मी पहिल्या वर्षी शब्दाला शब्द ठेवून मराठीत केला होता. "जैवमितीय प्रणालीचे अद्ययावतीकरण नियोजित असल्याने कर्मचाऱ्यांनी आपली उपस्थिती हस्तलिखित स्वरूपात नोंदवावी" असं काहीतरी लिहिलं होतं. शनिवारी सकाळी पहिल्या शिफ्टची दहा-बारा माणसं माझ्या खिडकीवर आली, प्रत्येकाच्या हातात वहीचं फाडलेलं पान, त्यावर नाव, टोकन नंबर आणि "मी आज हजर आहे" असं लिहिलेलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. "हस्तलिखित स्वरूपात" म्हणजे हाताने लिहून द्या, असाच कोणीही अर्थ घेईल. रजिस्टर मात्र सुपरवायझरच्या टेबलावर तसंच कोरं पडून होतं.

काय काय लागेल

- मूळ मेसेज, आणि तो ज्याने लिहिला त्याचा फोन नंबर. हा नंबर सगळ्यात महत्त्वाचा.
- ज्यांना मेसेज जाणार आहे त्यांच्यातला एक माणूस, जो वाचून खरं खरं सांगेल.
- मोबाइलवर मराठी कीबोर्ड. बोलून टाइप करायची सोय असेल तर उत्तमच, कारण बोललेलं वाक्य आपोआप मराठी वळणाचं येतं. फक्त नंतर "कर्मचाऱ्यांना", "येणाऱ्यांनी" असे शब्द नीट उमटलेत का बघा, तिथला ऱ्या बऱ्याचदा बिघडतो.
- त्या आठवड्याचा शिफ्टचा तक्ता किंवा कॅलेंडर.

शब्दकोश लागत नाही. एखादा शब्द कोशात शोधावा लागला तर वाचणाऱ्यालाही तो शोधावाच लागणार असं समजा आणि वाक्य दुसरीकडून सुरू करा.

1. आधी फोन करा, मग लिहा

मेसेजमध्ये इंग्रजी शब्द कुठे दाटलेत ते बघा. बहुतेक वेळा तिथेच काहीतरी ठरायचं राहिलेलं असतं. "मॅन्युअली मार्क करावी लागेल" यात कशावर, कुठे, कोणी, किती वेळा यातलं काहीच नाही. "नॉन-कम्प्लायन्स" म्हणजे नेमकं काय नाही केलं तर? "डिडक्शन इनिशिएट" म्हणजे पगार लगेच कापणार की आधी विचारणार? हे ठरलेलं नसताना मराठीत लिहायला बसलात तर मराठी वाक्य अडतं, कारण मराठीत आपण "कोणीतरी कुठेतरी काहीतरी करावं" असं पटकन बोलत नाही. माणूस आणि जागा दोन्ही लागतं.

म्हणून मी एचआरच्या मॅडमना फोन करतो आणि चार गोष्टी विचारतो. कोणी करायचंय? नेमकं काय करायचंय? कधीपासून कधीपर्यंत? आणि राहिलं तर काय?

या मेसेजला मिळालेली उत्तरं अशी. दोन्ही गेटवरची मशीन शनिवारी सकाळी बंद होणार आणि रविवारी सकाळपर्यंत बंद राहणार. प्रत्येक सुपरवायझरच्या टेबलावर रजिस्टर ठेवणार. आल्यावर एक सही आणि जाताना एक सही, दोन्हींपुढे वेळ लिहायची. एखाद्याची सही राहिली तर सोमवारी संध्याकाळी 5 पर्यंत सुपरवायझरला सोबत घेऊन टाइम ऑफिसला यायचं, तिथे दुरुस्त करून मिळेल. त्यानंतर मात्र खाडा लागणार.

मूळ मेसेज वाचून वाटत होतं की सही चुकली की पगार गेला, आणि प्रत्यक्षात माणसाच्या हातात सोमवार संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. ही गोष्ट मेसेजमध्ये नव्हतीच, फोन केल्यावर कळली.

2. कोणता शब्द ठेवायचा, कोणता काढायचा

इथे नवीन माणूस दोन टोकांना जातो. एकजण सगळंच इंग्रजी ठेवतो, दुसरा एकही ठेवत नाही. मी एकच कसोटी लावतो, चहाच्या सुट्टीत गेटपाशी उभी असलेली माणसं एकमेकांशी बोलताना तो शब्द वापरतात का? वापरत असतील तर तो ठेवा, कुठल्याही भाषेतून आलेला असो.

शिफ्ट, सुपरवायझर, रजिस्टर, गेट, मशीन, ओव्हरटाइम, कॅन्टीन, टोकन नंबर हे सगळे आमच्याकडे रोज तोंडात असलेले शब्द आहेत, त्यांना मी हातही लावत नाही. "शिफ्ट"बद्दल मुद्दाम सांगतो. "पाळी" हा चांगला जुना शब्द आहे आणि "रात्रपाळी", "दिवसपाळी" असं अजूनही बोललं जातं, पण नुसतं "तुमची पाळी कधी आहे" असं लिहिलंत तर ग्रुपवरच्या बायकांना ते वाचून अवघडल्यासारखं होतं. म्हणून जोडशब्दात पाळी चालते, एकटी आली की शिफ्टच लिहायचं.

आता बाकीचे शब्द. "एम्प्लॉई", "अटेंडन्स", "सॅलरी", "सॅटर्डे", "क्वेरी" हे गेटपाशी ऐकू येत नाहीत. तिथे माणसं, हजेरी, पगार, शनिवार आणि अडचण असं बोलतात. म्हणजे शब्द शोधायला कुठे लांब जायचं नाहीये, ते आधीपासून आपल्याकडे आहेत. गंमत बघा, हजेरी, सही, रजा, तारीख, मुदत, अर्ज हे सगळे अरबी-फारसीतून आलेले आणि पगार पोर्तुगीजमधून, पण आज त्यांना कोणी परकं म्हणेल का? शिफ्ट आणि सुपरवायझरही त्याच वाटेने घरचे झालेत.

तिसरा गठ्ठा अवघड शब्दांचा, आणि त्यात "बायोमेट्रिक" येतं. कोशातला शब्द कोणी वापरत नाही आणि "बायोमेट्रिक" फक्त ऑफिसात ऐकू येतं. मी खाली जाऊन ऐकलं तर कोणी "पंचिंग मशीन" म्हणतं, कोणी "थंब मशीन", कोणी नुसतं "पंच केलं का रे" असं विचारतं. "अंगठा लावा" असंही लिहिता येईल, रेशन दुकानात तसं सर्रास म्हणतात, पण आमच्याकडे एका जुन्या कामगारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की अंगठा म्हटलं की सही न येणारा माणूस असा सूर लागतो, तो शब्द नको. त्या दिवसापासून मी "पंच" लिहितो. तुमच्याकडे वेगळा शब्द चालत असेल, मग तोच घ्या, माझा नको.

एक अपवाद. मोबाइल ॲपवर किंवा कॉम्प्युटरवर जे नाव दिसतं ते जसंच्या तसं लिहा. स्क्रीनवर `Regularization` असं बटण असेल आणि तुम्ही मेसेजमध्ये "हजेरी दुरुस्ती वर दाबा" लिहिलंत तर माणूस ते बटण शोधत बसतो. "हजेरी दुरुस्त करायला `Regularization` या बटणावर दाबा" असं लिहिलं की कामही होतं आणि अर्थही कळतो.

3. क्रियापद आपलं घ्या, अर्धं काम तिथेच होतं

मला सगळ्यात उशिरा कळलेली गोष्ट ही. मेसेज इंग्रजाळलेला वाटतो तो नामांमुळे कमी आणि क्रियापदांमुळे जास्त. "शिफ्टच्या सुपरवायझरकडून रजिस्टरमध्ये सही घ्या" या वाक्यात तीन शब्द इंग्रजीतून आलेत तरी ते पक्कं मराठी वाक्य आहे. आणि "उपस्थिती व्हेरिफाय करून घ्या" यात एकच इंग्रजी शब्द आहे तरी कानाला खटकतं. सबमिट करणे, कन्फर्म करणे, व्हेरिफाय करणे, एन्शुअर करणे, अशी "करणे"वाली शेपटी जिथे दिसेल तिथे थांबायचं.

पण त्याला एकच ठरावीक मराठी क्रियापद नसतं, हेही लक्षात ठेवा. काम काय आहे त्यावर शब्द बदलतो. "फॉर्म सबमिट करा" म्हणजे कागदाचा फॉर्म असेल तर "भरून आणून द्या", ॲपवर असेल तर "भरून पाठवा", पैसे असतील तर "जमा करा". "कन्फर्म करा" म्हणजे कधी "नक्की कळवा", कधी "एकदा विचारून घ्या", कधी नुसतं "येणार की नाही ते सांगा". "चेक करा" मात्र मी सरळ ठेवतो, कारण ते सगळेच म्हणतात, "जरा चेक कर ना" हे आता कोणालाच परकं वाटत नाही.

"पेंडिंग" या शब्दावर मी बराच वेळ घालवलाय. ऑफिसात सगळंच पेंडिंग असतं, पण मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टी बोलतो. काम "राहिलंय" म्हणजे करायचं विसरलंय किंवा वेळ मिळाला नाही. पैसे "बाकी आहेत". आणि फाइल "अडकलीये" म्हणजे दुसऱ्या कोणाकडे तरी जाऊन थांबलीये. "तुमचा रजेचा अर्ज पेंडिंग आहे" असं लिहिलं की माणूस दहादा फोन करून विचारतो. "तुमचा रजेचा अर्ज सुपरवायझरकडे सहीसाठी अडकलाय" असं लिहिलं तर तो सरळ सुपरवायझरकडे जातो.

आमच्या मेसेजमधलं "सॅलरी डिडक्शन इनिशिएट केलं जाईल" याचं काय झालं? शॉपवरचा शब्द आहे खाडा. खाडा लागेल म्हटलं की रोजंदारीवाला असो की पर्मनंट, त्या दिवसाचा पगार मिळणार नाही हे त्याला एका शब्दात कळतं. "त्या दिवसाचा पगार निघणार नाही" असंही चालेल, ऑफिस स्टाफला मी तसंच लिहितो.

4. "की" नंतरचं वाक्य पुढे आणा

"काइंडली एन्शुअर करा की तुमच्या सुपरवायझरकडून..." यातले इंग्रजी शब्द बदलून "कृपया खात्री करा की तुमच्या सुपरवायझरकडून वेळ तपासून घेतली आहे" असं केलं तरी वाक्य इंग्रजीचंच राहतं. आपण बोलताना खात्री करा असं आधी म्हणून मग काम सांगत नाही, कामच सांगतो आणि शेवटी जोर देतो. "जाताना सुपरवायझरला वेळ दाखवा, विसरू नका." एवढंच.

तसंच "इन्फॉर्म करण्यात येते की". मेसेज आलाय म्हणजे कळवलंयच, ते वेगळं सांगायची गरज नाही. ही ओळ मी सरळ कापतो आणि त्या जागी मुख्य गोष्ट आणतो, कारण व्हॉट्सॲपवर न उघडता पहिली एक-दीड ओळच दिसते. पहिल्या ओळीत "सर्व कर्मचाऱ्यांना कळवण्यात येते की" असेल तर अर्धी माणसं मेसेज उघडतच नाहीत.

"केलं जाईल", "घेण्यात येईल" याबद्दल मी फार कडक नाही. बोर्डवर लावायच्या नोटिशीत ते शोभतं. पण ग्रुपवरच्या मेसेजमध्ये "दुरुस्ती करून देण्यात येईल" पेक्षा "दुरुस्त करून देऊ" लिहिलं की समोर कोणीतरी माणूस आहे असं वाटतं, आणि माणसं यायला लाजत नाहीत.

5. विनंती आणि दरारा

प्रत्येक वाक्यात "कृपया" घातलं की मेसेज बसस्टँडवरच्या पाटीसारखा होतो. मराठीत विनंती क्रियापदातच असते. "सही करा" हे सरळ आहे, "सही करून घ्या" जरा मऊ आहे, "सही करून जाल का" हे आर्जवाचं, आणि "सही करावी" हे कागदावरचं. शॉपच्या ग्रुपवर मी "करा" आणि "करून घ्या" यातच राहतो. एखाद्या वयाने मोठ्या सुपरवायझरना एकट्याला मेसेज करायचा असेल तर "साहेब, रजिस्टर तुमच्या टेबलावर ठेवून घ्याल का" असं लिहितो. मेसेज साहेबांसाठी असो की हेल्परसाठी, "तुम्ही" सोडायचं नाही. आपण चहाला एकमेकांना अरेतुरे करत असलो तरी ग्रुपवर "तुम्ही"च.

धमकीवजा ओळ असेल तर ती खरी आहे का हे पहिल्या पायरीत विचारलेलं असतंच. खरी असेल तर लपवू नका, पण आधी वाट दाखवा आणि मग परिणाम सांगा. "सोमवारपर्यंत या, दुरुस्त करून देऊ, त्यानंतर खाडा लागेल" हा क्रम उलटा केला तर वाचणारा पहिल्या ओळीलाच चिडतो आणि पुढचं वाचत नाही.

6. ठेवलेल्या शब्दाला मराठीत वागवा

इंग्रजी शब्द ठेवला म्हणजे त्याचं इंग्रजी व्याकरणही ठेवायचं असं नाही. "फाइल्स" नको, "फायली" म्हणा. "रिपोर्ट्स पाठवा" नको, "रिपोर्ट पाठवा" पुरतं, "सगळे रिपोर्ट" म्हटलं की अनेकवचन कळतंच. "एम्प्लॉईजना" मध्ये तर दोन अनेकवचनं आहेत, एक इंग्रजी आणि वर एक मराठी.

लिंगाचं म्हणाल तर लोक बोलतात ते ऐका. मीटिंग झाली, रिपोर्ट आला, फाइल सापडली, लिस्ट लावली, हे पक्कं आहे. "मशीन बंद पडलं" आणि "मशीन बंद पडली" दोन्ही ऐकू येतं, कुठलंही एक घ्या पण एका मेसेजमध्ये दोन नको. आणि "करतं", "केलं", "राहिलंय" ही बोलायची रूपं ग्रुपवर बिनधास्त लिहा, तोच मजकूर बोर्डवर छापून लावायचा असेल तर "केले", "राहिले आहे" करा. अर्धं असं अर्धं तसं ठेवलं की वाचताना ठेच लागते.

7. वार, तारीख, वेळ

माझ्या सगळ्यात मोठ्या चुका इथे झाल्यात, भाषेत नाही. "परवा" लिहू नका, परवा म्हणजे होऊन गेलेलाही आणि येणाराही. "पुढच्या शनिवारी" लिहू नका, मंगळवारी वाचणाऱ्याला वाटतं चार दिवसांनी, दुसऱ्याला वाटतं अकरा दिवसांनी. "आज" आणि "उद्या" पण नको, कारण मेसेज फॉरवर्ड होत होत दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच ग्रुपवर पोचतो. वार आणि तारीख दोन्ही लिहा, "शनिवार 14 जून".

मग शिफ्टचा तक्ता समोर घ्या आणि एकेका शिफ्टच्या माणसाच्या जागी उभं राहून मेसेज वाचा. आमच्याकडे 6 ते 2, 2 ते 10, रात्री 10 ते 6 आणि जनरल अशा शिफ्ट आहेत. "शनिवारी मशीन बंद" एवढंच लिहिलं असतं तर काय झालं असतं बघा. शुक्रवारी रात्री 10 ला पंच करून आलेला माणूस शनिवारी सकाळी 6 ला बाहेर पडतो. त्याने जाताना पंच करायचं की सही? आणि शनिवारी रात्री 10 ला सही करून आलेला माणूस रविवारी सकाळी सुटतो, तेव्हा मशीनचा दिवा लागलेला दिसला म्हणून त्याने पंच केलं तर त्याचं आत येणं रजिस्टरमध्ये आणि बाहेर जाणं मशीनमध्ये, आणि सिस्टिम त्याला सरळ गैरहजर दाखवते.

हे विचारायला पुन्हा मॅडमना फोन केला. त्यांनी मशीनवाल्यांशी बोलून बंद करायची वेळ शनिवारी सकाळी साडेसहा ठरवून घेतली, म्हणजे शुक्रवारच्या रात्रीवाल्यांना नेहमीसारखं पंच करून जाता आलं. आणि शनिवारच्या रात्रीवाल्यांसाठी मेसेजमध्ये वेगळी ओळ टाकायचं ठरलं. मूळ मेसेजमध्ये या दोन्ही शिफ्टचा विचारच नव्हता.

8. वाचून दाखवा, विचारा, मग पाठवा

लिहून झाल्यावर मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडतो किंवा जीभ वळत नाही तिथे अजून इंग्रजी वाक्यच आत आहे. मग खालच्या एका माणसाला मेसेज वाचायला द्या, पण "कळलं का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता शनिवारी तू काय करणार?" असं विचारा आणि त्याला सांगू द्या. मी एका हेल्परला विचारलं तर तो म्हणाला, "येताना सही करणार." जाताना? "जाताना पण करायची का?" मग मी "दोन्ही वेळेला" हे शब्द टाकले.

ठळक करायचं असेल तर व्हॉट्सॲपवर शब्दांच्या दोन्ही बाजूंना चांदणी लावतात, असं:

```
*शनिवार 14 जून*
```

एकाच ओळीला लावा. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक राहत नाही.

तयार झालेला मेसेज

> शनिवार 14 जूनला पंचिंग मशीन बंद आहे. हजेरी रजिस्टरमध्ये लावायची आहे.
>
> शनिवारी कामावर येणाऱ्या सगळ्या शिफ्टनी आपापल्या सुपरवायझरच्या टेबलावरच्या रजिस्टरमध्ये सही करा. आल्यावर एक आणि जाताना एक, दोन्ही वेळेला सहीपुढे वेळ लिहा आणि सुपरवायझरला दाखवा.
>
> शुक्रवारी रात्री 10 ला आलेल्यांनी शनिवारी सकाळी जाताना नेहमीसारखं पंच करा, मशीन साडेसहापर्यंत चालू आहे.
>
> शनिवारी रात्री 10 ला येणाऱ्यांनी रविवारी सकाळी जाताना पण रजिस्टरमध्येच सही करा. मशीनचा दिवा लागलेला दिसला तरी पंच करू नका.
>
> सही राहिली तर सोमवार 16 जून, संध्याकाळी 5 पर्यंत सुपरवायझरना घेऊन टाइम ऑफिसला या, दुरुस्त करून देऊ. त्यानंतर त्या दिवसाचा खाडा लागेल.
>
> काही अडलं तर टाइम ऑफिसला फोन करा.

मूळ मेसेजपेक्षा हा मोठा झालाय, आणि ते चालतं. मेसेज लहान असावा असं म्हणतात, पण लहान मेसेजनंतर तीस फोन घ्यायचे असतील तर दोन ओळी वाढलेल्या परवडतात.

ऑफिसच्या आतला मेसेज असेल तर

तिथे कसोटी तीच, फक्त गेट बदललं. ऑफिसातली माणसं कॉल, मेल, रिपोर्ट, टीम हे सहज बोलतात, म्हणून ते ठेवायचे. समजा असं आलंय: "हाय टीम, टुमॉरोचा कॉल प्रीपोन झालाय, काइंडली अव्हेलेबिलिटी कन्फर्म करा आणि पेंडिंग रिपोर्ट्स एंड ऑफ डेपर्यंत शेअर करा." यात कॉल आणि रिपोर्ट ठेवून बाकी आपल्या बोलण्यात आणलं की असं होतं:

> मंडळी, गुरुवारचा कॉल 4 ऐवजी 2 वाजता घेतोय. ज्यांना जमणार नाही त्यांनी बुधवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सांगा. ज्यांचे रिपोर्ट राहिलेत त्यांनी बुधवारी घरी जायच्या आधी पाठवा.

"प्रीपोन"ला आपण "अलीकडे घेतली" म्हणतो आणि पुढे गेली तर "पुढे ढकलली". पण खरं तर वेळच लिहिली की दोन्हीची गरज पडत नाही.

कुठे हात लावायचा नाही

पीएफ, ईएसआय, यूएएन नंबर, फॉर्मचं नाव, बँकेचा कोड, रजेचा प्रकार, हे कागदावर जसं आहे तसंच राहू द्या. पगाराच्या स्लिपवर जे लिहिलंय तेच मेसेजमध्ये दिसलं पाहिजे, नाहीतर माणूस दोन्ही जुळवत बसतो. कायदेशीर नोटीस असेल, कोणावर कारवाईची असेल, तर तिचं मराठी मी करत नाही, ते लीगलवाल्यांचं काम, एका शब्दाने अर्थ बदलतो. आणि आमच्याकडे बिहार, यूपीकडचे बरेच लोक आहेत, त्यांच्यासाठी मराठी मेसेजमध्ये मधेच हिंदी वाक्यं घालत नाही, त्यांच्यातल्याच एकाकडून पूर्ण हिंदी मेसेज वेगळा करून घेतो आणि तारखा, वेळा मी स्वतः जुळवून बघतो.

मेसेज गेल्यावर अर्धा तास फोन जवळ ठेवा. एकच प्रश्न दोघा-तिघांनी विचारला तर प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसू नका, मेसेजमध्ये ती ओळ घालून पुन्हा टाका आणि वर "सुधारित" लिहा. त्या शनिवारी मला दोघांनी विचारलं की कॉन्ट्रॅक्टवाल्यांनी सही कुठल्या रजिस्टरमध्ये करायची, त्यांचा सुपरवायझर वेगळा असतो. ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आता शिफ्टच्या तक्त्याशेजारी मी कॉन्ट्रॅक्टवाल्यांची लिस्टही ठेवतो, आणि प्रत्येक मेसेज त्यांच्या जागी उभं राहून एकदा जास्तीचा वाचतो.